जिलेबीनंतरचा दंगा

गोड खाल्लं की मुलं चेकाळतात, ही समजूत आज सातारा-सांगलीच्या घराघरांत ऐकू येते. वाढदिवसाहून परतलेला मुलगा सोफ्यावरून उड्या मारू लागला की आई म्हणते, “आज गोड जास्त झालंय, म्हणून हायपर झालाय.” शिक्षक पालकसभेत डब्यातल्या चॉकलेटबद्दल सांगतात, आजोबा नातवाच्या हातातला पेढा अर्धा करतात. या वाक्यात दोन दावे आहेत. गोड खाल्ल्यावर मूल जास्त दंगा करतं, हा एक. आणि त्या दंग्याचं कारण साखर आहे, हा दुसरा. पहिला दावा बऱ्याचदा खरा असतो. दुसरा गेल्या चाळीसेक वर्षांत वारंवार तपासला गेला आणि टिकला नाही. पहिला खरा असताना दुसरा खोटा कसा ठरतो, हे समजलं की ही समजूत का जात नाही हेही कळतं.

या भागात मुलं आणि गोड यांची सर्वांत ठळक गाठ पडते ती १५ ऑगस्टला. पहाटेपासून जिलेबीच्या कढया पेटलेल्या असतात, चौकाचौकांत मांडव पडतात आणि झेंडावंदन आटोपून लोक कागदी खोकी घेऊन घरी जातात. या सकाळी सात-आठ वर्षांच्या एखाद्या मुलाचं काय होतं ते पाहावं. तो एरवीपेक्षा तासभर आधी उठलेला असतो. इस्त्रीचा गणवेश, पॉलिश केलेले बूट, खिशाला लावलेला झेंडा. मैदानात रांगेत तासभर ताठ उभं राहायचं, भाषणं संपेपर्यंत हलायचं नाही. मग एकदम सुट्टी. आज तास नाहीत, गृहपाठ नाही, वडील घरी, चुलतभाऊ आलेले, आणि मध्ये उघडं ठेवलेलं जिलेबीचं खोकं. साडेदहाला घरात दंगा सुरू असतो. मोठ्यांची नजर जाते ती मुलाच्या पाकाने चिकट झालेल्या बोटांकडे. तासभर गप्प उभं राहणं आणि नंतर अचानक मिळालेली मोकळीक बोटांना चिकटत नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

या समजुतीबद्दल एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात ऊस आणि गूळ पिढ्यान्‌पिढ्यांचे. सांगलीची बाजारपेठ हळदीइतकीच गुळासाठीही नावाजलेली, आणि कराड, वाळवा, मिरज या पट्ट्यात गाळप हंगामात रस्त्याने जाताना मळीचा वास येतोच. साताऱ्याचा कंदी पेढा तर गावाची ओळख आहे. गोडाशी इतकी जुनी सलगी असलेल्या या मुलखात मुलांनी गोड खाण्यावर आक्षेप पूर्वीही होता, पण तो वेगळा होता. “लई गोड खाऊ नको, जंत होतील,” असं आजी म्हणायची. दात किडतील, गळवं होतील, खोकला होईल, जेवण जाणार नाही, हेही म्हटलं जायचं. गोडाने पोरगं वांड होतं, असं मात्र ती सहसा म्हणत नसे. गुऱ्हाळावर मुलं तासन्‌तास असत. चरकाखालचा रस पीत, काहिलीच्या काठाला चिकटलेला गरम गूळ काठीने खरवडत, काकवी ओंजळीत घेत. ती धावत, चिपाडांच्या ढिगावर घसरत, गुळव्याच्या शिव्या खात. त्या दंग्याचं खापर मात्र गुळावर कोणी फोडत नसे. गुऱ्हाळ म्हणजे मुलांना मोकळं रान, एवढंच त्याचं स्पष्टीकरण होतं. तीच साखर, तशीच मुलं. फक्त आरोप बदलला. गोडाने चंचलपणा येतो ही कल्पना अनुभवातूनच आपोआप निघत असती, तर ती इथे केव्हाच निघाली असती.

ही कल्पना बाहेर तयार झाली आणि तिचा उगम बऱ्यापैकी शोधता येतो. १९४७ साली थेरॉन रँडॉल्फ या अमेरिकी ॲलर्जीतज्ज्ञाने मुलांचा थकवा, चिडचिड आणि वर्तनाच्या तक्रारी यांच्यामागे अन्नाची ॲलर्जी असू शकते असं मांडलं. १९७३ मध्ये बेन फाइनगोल्ड या सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉक्टरांनी कृत्रिम रंग आणि स्वाद यांमुळे मुलं अतिचंचल होतात असं सांगितलं आणि १९७५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं, ते खूप खपलं. फाइनगोल्ड यांचा मुख्य रोख साखरेवर नव्हता. पण त्यांचा आहार पाळायचा म्हणजे गोळ्या, केक, रंगीत पेयं बंद करायची, आणि हे पदार्थ गोडच असतात. लोकांच्या बोलण्यात रंग मागे पडला आणि साखर पुढे आली.

त्यानंतर १९८० मध्ये रोनाल्ड प्रिन्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिचंचल मुलांच्या आहाराच्या नोंदी घेतल्या आणि खेळताना त्यांचं निरीक्षण केलं. जी मुलं जास्त साखर खात, त्यांच्यात मोडतोड आणि आक्रमकपणा जास्त दिसला. हा निष्कर्ष वर्तमानपत्रांतून पसरला. त्या अभ्यासाने दोन गोष्टी एकत्र आढळतात एवढंच दाखवलं होतं. साखरेने मूल दांडगट झालं असेल, किंवा दांडगट मुलाला गप्प बसवायला घरचे वरचेवर गोड देत असतील. एसटीत रडणाऱ्या मुलाच्या हातात बिस्किटाचा पुडा देणाऱ्या कोणालाही ही दुसरी शक्यता समजावून सांगावी लागणार नाही. नुसत्या नोंदींवरून या दोन्हींतली खरी कोणती ते ठरवता येत नाही. त्यासाठी साखर कोणाला आणि कधी मिळणार हे संशोधकाने ठरवावं लागतं, आणि ती मिळाली की नाही हे मुलाला, आईला आणि निरीक्षकाला कळता कामा नये.

असे प्रयोग ऐंशीच्या दशकात सुरू झाले. त्यांतला सर्वांत कसून केलेला प्रयोग मार्क वोलराईच आणि सहकाऱ्यांचा. तो फेब्रुवारी १९९४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. तो सविस्तर सांगण्याजोगा आहे, कारण साध्या प्रश्नाचं सरळ उत्तर मिळवायला किती बंदोबस्त करावा लागतो हे त्यातून दिसतं.

त्यात मुलांचे दोन गट होते. एका गटात तीन ते पाच वर्षांची २५ सर्वसाधारण मुलं होती. दुसऱ्या गटात सहा ते दहा वर्षांची २३ मुलं होती, आणि ती मुद्दाम निवडलेली होती: साखर खाल्ली की आमचं मूल बिघडतं, असं त्यांच्या पालकांचं ठाम म्हणणं होतं. साखरेचा परिणाम कुठे दिसायचाच असेल तर तो याच मुलांत दिसायला हवा. आधीच्या प्रयोगांवर एक रास्त आक्षेप होता. त्यांत एक पेला सरबत देऊन तासाभराने मुलाकडे पाहिलं जाई. एवढ्याने काय कळणार, असं पालक म्हणत. म्हणून या प्रयोगात संपूर्ण कुटुंबाचं खाणं नऊ आठवडे संशोधकांनी पुरवलं. घरातलं आधीचं खाणं काढून टाकलं. तीन आठवडे साखर भरपूर असलेला आहार, तीन आठवडे साखर कमी आणि गोडीसाठी ॲस्पार्टेम, तीन आठवडे साखर कमी आणि गोडीसाठी सॅकरिन. सध्या कोणता आहार चालू आहे हे मुलांना, पालकांना किंवा तपासणाऱ्यांना माहीत नव्हतं. तिन्ही आहारांतून कृत्रिम रंग आणि टिकाऊपणासाठी घालायची द्रव्यं वगळली होती, म्हणजे फाइनगोल्ड यांचा मुद्दा साखरेच्या मुद्द्यात मिसळणार नाही.

साखरेची मात्रा किती होती, हे इथल्या हिशेबात पाहावं. साखरेच्या तीन आठवड्यांत लहान मुलांच्या पोटात रोज वजनाच्या दर किलोमागे साधारण ५.६ ग्रॅम आणि मोठ्या मुलांच्या पोटात ४.५ ग्रॅम साखर जात होती. पंधरा किलोच्या मुलाला हे दिवसाला ८४ ग्रॅम होतात. चहाचा एक सपाट चमचा चार ग्रॅमचा धरला तर एकवीस चमचे, तेही एखाद्या सणाला नव्हे तर रोज, तीन आठवडे. गणपतीच्या दिवसांत मोदकांवर ताव मारणारं मूलही याच्यापुढे फार जाणार नाही.

या काळात मुलांचं वर्तन आणि बुद्धीची कामं अनेक मापांनी मोजली: लक्ष, स्मरण, हालचाल, चिडचिड, पालकांचे आणि शिक्षकांचे शेरे. साखरेने बिघडतात असं ज्यांच्याबद्दल सांगितलं गेलं होतं त्या मुलांत ३९ मापांपैकी एकातही तीन आहारांमध्ये लक्षणीय फरक पडला नाही. लहान मुलांत ३१ पैकी चार मापांत फरक दिसला, पण त्याला काही दिशा नव्हती. इतकी मापं घेतली की दोन-चार योगायोगाने हलतातच. पालकांना आहार ओळखता येत नव्हता, आणि तो न ओळखता दिलेल्या त्यांच्या स्वतःच्या शेऱ्यांतूनही साखरेचे आठवडे वेगळे उठून दिसले नाहीत.

पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, वोलराईच आणि दोन सहकाऱ्यांनी तोवर झालेले असे सर्व आंधळे प्रयोग एकत्र केले. सोळा निबंधांतले तेवीस प्रयोग निकषांत बसले; काहींत सर्वसाधारण मुलं होती, काहींत लक्षाचा विकार असलेली, काहींत साखरेने बिघडणारी म्हणून आणलेली. एकत्र हिशेब करूनही साखरेचा वर्तनावर किंवा बुद्धीच्या कामावर परिणाम दिसला नाही. लेखकांनी एक मर्यादा प्रामाणिकपणे नोंदवली: अगदी बारीक परिणाम, किंवा मुलांच्या एखाद्या छोट्या गटापुरता परिणाम, यातून पूर्णपणे नाकारता येत नाही. पण जो परिणाम आईला स्वयंपाकघरातून दिसतो असा दावा आहे, तो बारीक नसतो. तो असता तर या मापांतून सुटला नसता.

प्रयोगांतून जे दिसलं ते शरीराच्या कारभाराशी जुळतं. साखर म्हणजे ताकद, म्हणून जास्त साखर म्हणजे जास्त उसळी, हा तर्क सहज पटतो. उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे गूळपाणी ठेवायची आपली रीत आहे आणि त्याने तरतरी येते हा अनुभवही खोटा नाही. उपाशी, तहानलेल्या, घामाघूम माणसाला पाणी आणि साखर दोन्ही हवंच असतं. पण ज्याची भूक भागली आहे त्याच्या पोटात आणखी साखर गेली तर स्नायू जास्त धावत नाहीत. साखर कारखान्याच्या आवारात बगॅसचा डोंगर कितीही उंच झाला तरी वाफेचा दाब त्याने वाढत नाही. बॉयलरमध्ये किती बगॅस सोडायचा ते आत वाफेची गरज किती यावर ठरतं. शरीरातही तसंच आहे. वीस किलोच्या मुलाच्या सगळ्या रक्तात मिळून जेमतेम दीड ग्रॅम ग्लुकोज असतं. जेवणानंतर ते वाढतं, स्वादुपिंडातून इन्सुलिन येतं, आणि जास्तीची साखर यकृतात आणि स्नायूंत साठवली जाते. निरोगी मुलात साधारण दोन तासांत पातळी पुन्हा जागेवर येते.

यातून एक साधी खूण हाती लागते. साखर आतड्यातून रक्तात उतरायला वेळ लागतो. पातळी शिखरावर जाते ती खाल्ल्यानंतर अर्ध्या ते एक तासाने. वाढदिवसाच्या घरात दंगा केक कापल्याबरोबर सुरू होतो, बऱ्याचदा केक कापण्याच्या आधीच. जो परिणाम कारणाच्या आधी येतो, त्याचं कारण दुसरीकडे शोधावं लागतं.

साखरेचा शरीरावर काहीच परिणाम होत नाही असंही नाही, पण जिथे तो सापडला तिथे तो या समजुतीच्या उलट बाजूने जातो. प्रौढांवरच्या एकतीस अभ्यासांचा २०१९ मध्ये एकत्र विचार झाला. पिष्टमय किंवा गोड खाल्ल्यानंतर उत्साह वाढलेला आढळला नाही, उलट अर्ध्या तासात थकवा आणि तासाभरात सावधपणात घट दिसली. नवजात बाळाला टाचेत सुई टोचण्यापूर्वी साखरेच्या पाण्याचे काही थेंब जिभेवर दिले तर ते कमी रडतं, हेही अनेक रुग्णालयांत तपासलेलं आहे. (यावरून तान्ह्याला मध चाटवू नये, वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझमचा धोका असतो.) येल विद्यापीठातल्या एका अभ्यासात मात्र निरोगी मुलांना रिकाम्या पोटी एकदम भरपूर ग्लुकोज दिल्यावर काही तासांनी, साखर खाली येताना, प्रौढांपेक्षा जास्त ॲड्रिनलिन वाढलेलं आढळलं, आणि मुलांना थरथर, अशक्तपणा जाणवला. नाश्ता न करता फक्त शीतपेय पिऊन शाळेत गेलेलं मूल अकराच्या सुमाराला मलूल का होतं, याचा धागा इथे असू शकतो. पण तो मलूलपणा आहे, सोफ्यावरच्या उड्या नव्हेत.

आता समजुतीकडे. ती का टिकते याचं सर्वांत थेट उत्तर १९९४ मध्येच डॅनियल हूव्हर आणि रिचर्ड मिलिक यांच्या प्रयोगातून मिळालं. साखरेने बिघडतात असं आयांनी सांगितलेली पाच ते सात वर्षांची ३५ मुलं आणि त्यांच्या आया यांना त्यांनी बोलावलं. अर्ध्या आयांना सांगितलं, की तुमच्या मुलाला आज साखरेचा मोठा डोस दिला आहे. उरलेल्यांना सांगितलं, की दिलेलं पेय नुसतं गोड लागतं, त्यात साखर नाही. प्रत्यक्षात एकाही मुलाला साखर दिलेली नव्हती. सगळ्यांच्या पेल्यात कृत्रिम गोडी होती. मग आई आणि मुलगा एका खोलीत एकत्र खेळले, आणि त्याचं चित्रीकरण झालं.

ज्या आयांना साखर दिल्याचं सांगितलं होतं त्यांनी आपल्या मुलाला जास्त चंचल ठरवलं. चित्रीकरण पाहणाऱ्यांना, कोणाला काय सांगितलं आहे हे माहीत नसताना, आणखी काही दिसलं. याच आया मुलाच्या जास्त जवळ राहिल्या, त्याच्याकडे जास्त पाहत राहिल्या, जास्त बोलल्या आणि त्याला जास्त टोकलं. म्हणजे अपेक्षेने त्यांची नजर तर बदललीच, हातही बदलले. “अरे सावकाश, पडशील, तिथं चढू नको,” असं पाच मिनिटांत दहा वेळा ऐकणारं मूल शांत बसत नाही. ते चिडतं, मुद्दाम चढतं, आणि मग साखरेबद्दलचं म्हणणं खरं ठरतं. या आया खोटं बोलत नव्हत्या आणि त्यांचं मुलावर प्रेम कमी नव्हतं. काळजीने सावध झालेलं माणूस ज्याची भीती आहे तेच आधी पाहतं, एवढंच या प्रयोगाने दाखवलं.

दुसरं कारण हिशेबाचं आहे. गोड आणि दंगा यांचा संबंध तपासायचा तर चार प्रकारचे दिवस मोजावे लागतात: गोड खाल्लं आणि दंगा झाला, गोड खाल्लं आणि दंगा झाला नाही, गोड नव्हतं तरी दंगा झाला, गोडही नव्हतं आणि दंगाही नव्हता. आठवणीत राहतो तो फक्त पहिला प्रकार. रविवारी दुपारी बासुंदी खाऊन मूल झोपून गेलं, हे कोणी पालकसभेत सांगत नाही.

चारही प्रकार मोजले तरी एक फसगत उरते, ती आकड्यांतून दाखवता येते. समजा, मिरजेतल्या एका घरात गणेशोत्सवाच्या महिन्यात तीस दिवस नोंद ठेवली. चौदा दिवस मुलाने गोड खाल्लं, त्यांतले सात दिवस दंग्याचे. सोळा दिवस गोड नव्हतं, त्यांतले पाच दिवस दंग्याचे. निम्मे विरुद्ध एक-तृतीयांशाहूनही कमी. साखर दोषी ठरली. आता त्याच वहीत प्रत्येक दिवशी घरात पाहुणे, आरती, मिरवणूक असं काही होतं का, ते लिहावं. समजा, असे गर्दीचे बारा दिवस निघाले. त्यांतल्या आठ दिवशी गोड होतं आणि सहांत दंगा झाला. चार दिवशी गोड नव्हतं आणि तिनांत दंगा झाला. दोन्हीकडे चारात तीन. उरलेले अठरा दिवस शांत. त्यांतल्या सहा दिवशी गोड होतं, दंगा एकदा. बारा दिवशी गोड नव्हतं, दंगा दोनदा. दोन्हीकडे सहात एक. गर्दीच्या दिवसांत गोडाने काही फरक पडला नाही, शांत दिवसांतही नाही. तरीही सगळे दिवस एकत्र मिसळले की साखर दोषी दिसते, कारण गोड बहुतेक वेळा गर्दीच्या दिवशीच ताटात येतं. आपल्याकडे तर हे अधिकच खरं आहे. इंग्रजी नाटक-सिनेमातलं मूल दिवसभर गोळ्या चघळत असेल. इथे गोड येतं ते सण, जत्रा, लग्न, बारसं, निकाल यांच्याबरोबर. पालीच्या यात्रेहून रात्री उशिरा परतलेलं, दिवसभर खांद्यावर आणि गर्दीत फिरलेलं, वेळेवर न झोपलेलं मूल दुसऱ्या दिवशी किरकिर करतं, तेव्हा रेवड्यांना दोष देणं सोपं जातं.

ही वही कोणत्याही घरात ठेवता येते आणि तिला खर्च नाही. एकच पथ्य आहे: दंगा झाला की नाही हे रोज रात्री लिहावं, आणि ज्याने ते लिहायचं त्याने त्या दिवशी मुलाने काय खाल्लं हे आधी पाहू नये. घरात दोन मोठी माणसं असतील तर एकाने खाण्याची आणि दुसऱ्याने वागण्याची नोंद ठेवावी.

जत्रेतल्या खाऊच्या बाबतीत दोन संशयित मात्र खरोखर तपासण्यासारखे आहेत. पहिला रंग. फाइनगोल्ड यांचा मूळ मुद्दा ब्रिटनमधल्या साउदम्प्टन विद्यापीठात पुन्हा तपासला गेला आणि २००७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. तीन वर्षांच्या १५३ आणि आठ-नऊ वर्षांच्या १४४ मुलांना काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट घातलेलं पेय आणि तसंच दिसणारं साधं पेय, दोन्ही न कळता देण्यात आली. रंगाच्या पेयाने सरासरी चंचलता थोडी वाढली. सगळ्या मुलांत सारखी नाही, आणि दोन्ही वयांत दोन्ही मिश्रणांनी सारखी नाही. परिणाम लहान होता, पण होता. त्यानंतर जुलै २०१० पासून युरोपात अशा सहा रंगांच्या पदार्थांवर मुलांच्या लक्षावर आणि चंचलतेवर परिणाम होऊ शकतो अशी सूचना छापावी लागते. त्यांतले टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन आणि पाँसो ४आर हे रंग भारतात मर्यादेत चालतात. तयार पदार्थात साधारणपणे किलोमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत. जत्रेतल्या गाड्यावर ही मर्यादा मोजून रंग पडतो असं धरता येत नाही. शेजारच्या कर्नाटकात मार्च २०२४ मध्ये म्हातारीच्या केसांत रोडामिन-बी हा खाण्यास मनाई असलेला रंग सापडल्यावर रंगीत म्हातारीचे केस विकण्यावर बंदी आली. गडद केशरी जिलेबी आणि जर्द गुलाबी म्हातारीचे केस यांच्याबद्दल शंका घ्यायची तर ती साखरेपेक्षा रंगावर घ्यावी.

दुसरा संशयित चहा. या भागात चार-पाच वर्षांच्या मुलालाही बशीत चहा ओतून देतात, आणि तो गोडच असतो. कोलाची बाटली तर पाहुण्यांबरोबर येतेच. दोन्हींत कॅफिन आहे. संध्याकाळी उशिरा चहा किंवा कोला घेतलेल्या लहान मुलाची झोप लांबते, आणि न झोपलेलं लहान मूल मोठ्या माणसासारखं सुस्तावत नाही, ते अधिक चुळबुळ करतं. म्हणजे गोड प्यायल्याने मूल झोपत नाही, ही आईची तक्रार खरी असू शकते; कारण चहापत्तीत असतं.

साखर या एका आरोपातून सुटते, बाकीच्यांतून सुटत नाही. दातांची कीड साखरेनेच वाढते, हा आजीचा आक्षेप बरोबर होता. जंतांचा आक्षेप चुकीचा होता. जंत मातीतून आणि न धुतलेल्या हातांतून येतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितलं. रोज १४०० उष्मांक लागणाऱ्या मुलासाठी ही मर्यादा ३५ ग्रॅम येते, म्हणजे नऊ चमच्यांच्या आत. तीन कप गोड दूध आणि एक पेढा यांतच ती संपते. गोड मोजून द्यायला एवढी कारणं पुरेशी आहेत.

चुकीच्या कारणाचं सर्वांत मोठं नुकसान ज्या मुलाला खरोखर मदत हवी असते त्याचं होतं. लक्ष न लागणं आणि अतिचंचलता हा मेंदूच्या वाढीशी संबंधित विकार आहे, एडीएचडी या नावाने तो ओळखला जातो, आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. अशा मुलाच्या घरी साखर बंद होते, मग मैदा, मग दूध. चार-सहा महिने जातात, वर्षही जातं. मधल्या काळात मूल वर्गाबाहेर उभं राहतं, मागच्या बाकावर जातं आणि स्वतःला ‘ढ’ समजू लागतं.

सणाचा दंगा आणि हा विकार यांतला फरक ओळखायला काही ठोस खुणा आहेत. दंगा प्रसंगाबरोबर येतो आणि ओसरतो. विकाराची लक्षणं किमान सहा महिने टिकतात, बारा वर्षांच्या आत सुरू झालेली असतात, आणि एकाहून अधिक ठिकाणी दिसतात: घरीही, शाळेतही, मामाच्या गावीही. मूल फक्त पाहुणे आले की चेकाळत असेल आणि एरवी गोष्ट ऐकताना अर्धा तास बसत असेल, तर बहुधा काळजीचं कारण नसतं. साध्या मंगळवारी, घरी कोणी आलेलं नसताना, जेवताना तीनदा ताटावरून उठणारं, वही अर्ध्यात सोडणारं, रस्ता न पाहता धावणारं मूल असेल, आणि वर्गशिक्षकही स्वतःहून तेच सांगत असतील, तर तपासणी करून घ्यावी. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत येणारी पथकं ज्या तक्रारी पाहतात, त्यांत लक्ष आणि अतिचंचलतेचा विकारही आहे; पुढच्या तपासणीसाठी ती मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. पथक शाळेत येईल तेव्हा वर्गशिक्षकाकडे त्या मुलाच्या दोन-तीन महिन्यांच्या नोंदी तयार असाव्यात: कोणत्या तासाला, किती वेळ, कशामुळे लक्ष गेलं, आणि कशामुळे परत आलं.